नव्या शाखेचा पहिला ताळेबंद



नव्या किराणा शाखेत वर्षात अडीच लाखांचा तोटा दिसला म्हणून तू ती बंद करायला निघालास. आकडे मी पुन्हा मांडले. फर्निचरचे ४ लाख तू एकाच वर्षात टाकलेस. ती मांडणी ८ वर्षं टिकेल, म्हणजे वर्षाचे ५० हजार. त्यामुळे तोट्याऐवजी १ लाख नफा दिसतो. पण हुरळू नकोस. गल्ल्यावर तू स्वतः बसलास, त्याचा पगार धरला नाहीस. महिना २० हजार धर, म्हणजे खरा तोटा १ लाख ४० हजार.

आता महिन्यांकडे बघ, मला त्यातच जास्त रस आहे. भाडं, माणसं, वीज, तुझा पगार आणि फर्निचरची झीज मिळून महिन्याला सुमारे ९० हजार लागतात. शंभरामागे १२ रुपये सुटतात, तेव्हा साडेसात लाखांची विक्री झाली की खर्च निघतो. एप्रिलमध्ये ती ५ लाख होती, मार्चमध्ये ८ लाख.

तरी दोन गोष्टी तपास. मार्चच्या विक्रीत उधारी किती, आणि ती वसूल होते का? आणि नवी गिऱ्हाइकं खरंच नवी आहेत, की आपल्याच जुन्या दुकानातली तिकडे वळली? तसं असेल तर जुन्या दुकानाची विक्री घटलेली दिसेल. दिवाळी सोडून पुढचे सहा महिने विक्री साडेसात लाखांखालीच राहिली, तर शाखा बंद करायला मीच सांगेन.

तुझे बाबा