पुड्यांचे गणित

मराठी शाळेसाठी मी अमेरिकी पुस्तकातली शाब्दिक गणिते मराठीत आणते. त्यातले एक: क्वार्टर आणि डाइम मिळून 7 नाणी, रक्कम 1.15 डॉलर; क्वार्टर किती?

5 आणि 2 रुपयांची 7 नाणी, एकूण 23 रुपये, असे केले तर उत्तर तेच येते. पण नाण्याची किंमत नावातच कळते, डॉलरचे सेंट करणेही गळते. गणित सोपे होते. पावली तर 2011 मध्येच चलनातून गेली.

म्हणून चिवड्याच्या पुड्या घेतल्या: पाव किलोच्या आणि 100 ग्रॅमच्या मिळून 7, वजन 1.15 किलो. आता ‘पाव’ म्हणजे 250 ग्रॅम हे आठवावे लागते, किलोचे ग्रॅमही करावे लागतात. सगळ्या लहान धरल्या तर 700 ग्रॅम. उरलेल्या 450 ला 150 ने भागले की मोठ्या पुड्या 3.