तिसऱ्या आठवड्यातली खडाजंगी

नव्या टीमचे पहिले पंधरा दिवस गोडीगुलाबीत जातात. मग बैठकीत आवाज चढू लागतात आणि प्रोजेक्ट लीडला वाटतं, माणसंच चुकीची निवडली. बहुतेक वेळा तसं नसतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये छोट्या गटांविषयीचे पन्नास लेख तपासले, तेव्हा त्यांना गटाच्या वाटचालीत चार टप्पे दिसले: जुळवाजुळव, खडाजंगी, घडी बसणं आणि जोमाने काम. १९७७ मध्ये मेरी अ‍ॅन जेन्सन यांच्यासोबत त्यांनी पाचवा जोडला, पांगापांगीचा. लीडची खरी कसोटी लागते ती दुसऱ्या टप्प्यात.

समजा, एका सहकारी बँकेचे कर्जाचे अर्ज कागदावरून संगणकावर आणायचे आहेत. मुदत सोळा आठवडे. टीममध्ये दोन प्रोग्रामर, एक डिझायनर, एक टेस्टर, बँकेच्या कर्ज विभागातल्या एक अधिकारी आणि लीड. सुरुवातीला कुणी कुणाला ओळखत नाही, म्हणून सगळे लीडच्या तोंडाकडे बघतात. या वेळी ‘तुम्हीच ठरवा’ म्हणणारा लीड उदार वाटला, तरी माणसं चाचपडत राहतात. कुणाचं काम काय, पहिला भाग कधी हवा, अडलं तर कुणाला विचारायचं, हे त्याने स्वतः स्पष्ट सांगायला हवं.

तिसऱ्या आठवड्यात ठिणगी पडते. बँकेच्या मॅडम थेट प्रोग्रामरला फोन करून अर्जात जामीनदाराचे दोन रकाने वाढवायला सांगतात आणि तो ते वाढवतो. टेस्टरला याचा पत्ताच नसतो. शुक्रवारी संध्याकाळी तिच्या हाती काम येतं आणि ती भडकते: “दरवेळी शेवटच्या क्षणी माझ्या गळ्यात! मग सोमवारी चुका निघाल्या की माझंच नाव.” प्रोग्रामर म्हणतो, “बँकेच्या मॅडमनी सांगितलं, मी नाही म्हणायचं का?”

इथे लीड दोन चुका करू शकतो. एक, ‘आपण सगळे एकच टीम आहोत’ म्हणून विषय मिटवायचा. दुसरी, स्वतः न्यायाधीश होऊन निकाल द्यायचा. पहिलीने भांडण बैठकीतून उठून चहाच्या टपरीवर जातं. दुसरीने प्रत्येक तंटा लीडच्या टेबलावर येऊ लागतो आणि टीम पहिल्याच टप्प्यात अडकून राहते.

त्यापेक्षा वाद नेमका कशाचा आहे ते त्याने पाहावं. वरवर भांडण रकान्यांचं आहे. खरं तर बदलाला होकार कुणी द्यायचा, हे कधी ठरलेलंच नाही. लीडने तो प्रश्न सगळ्यांसमोर फळ्यावर लिहावा, टेस्टर आणि प्रोग्रामर दोघांचं म्हणणं पूर्ण ऐकून घ्यावं आणि उत्तर त्यांच्याकडूनच काढावं. उदाहरणार्थ, बदल फक्त मंगळवारच्या बैठकीत स्वीकारायचे, सगळे एकाच यादीत लिहायचे, आणि गुरुवारी दुपारनंतर आलेलं काम पुढच्या आठवड्यात तपासायचं. वाद माणसाच्या स्वभावावर घसरला, तर मात्र लीडने तिथल्या तिथे थांबवावं आणि त्या दोघांशी वेगळं बोलावं.

घडी बसू लागली, हे ओळखायचं कसं? मॅडमचा फोन आल्यावर प्रोग्रामरच म्हणतो, “मंगळवारच्या यादीत टाकूया.” नियम पाळायला लीडची आठवण लागत नाही. आता त्याने हात आखडता घ्यावा, बैठक आळीपाळीने इतरांना चालवू द्यावी. पण शांतता खरी आहे का, हेही तपासावं. बैठकीत सगळे माना डोलावतात आणि आक्षेप नंतर लीडच्या कानात येतात, असं होत असेल तर घडी बसलेली नाही, भांडण नुसतं दबलंय. टीमने वेग घेतला की लीडने रोजच्या कामात नाक खुपसू नये. बँकेकडून अडलेली मंजुरी आणण्यासारखी बाहेरची कामं करावीत.

हे टप्पे म्हणजे काही रेल्वेचं वेळापत्रक नव्हे. टकमन यांनी तपासलेल्या लेखांत मानसोपचाराच्या गटांवरचे लेख बरेच होते, कचेऱ्यांतल्या टीमवरचे नव्हेत. कॉनी गर्सिक यांनी १९८८ मध्ये आठ टीमचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांना वेगळंच दिसलं: मुदतीचा साधारण निम्मा काळ सरला की टीम जुनी पद्धत टाकून नव्याने कामाला लागते. म्हणून आपल्या उदाहरणात आठव्या आठवड्यात कामाचा फेरविचार मुद्दाम ठेवावा. तेव्हा बदल सुचवला तर तो रुजण्याची शक्यता अधिक.

शिवाय टीम मागेही जाते. दहाव्या आठवड्यात एक प्रोग्रामर गेला आणि दुसरा आला, की त्याला मंगळवार-गुरुवारचा नियम जाचक वाटतो आणि जुनाच वाद नव्याने पेटतो. तेव्हा “इथे असंच चालतं” म्हणून त्याला गप्प करू नये. नियम का केला ते टेस्टरलाच सांगू द्यावं, आणि त्याची हरकत रास्त असेल तर नियम बदलावा.