छप्पर आधी, दरवाजा शेवटी

माझ्या मावशीच्या ट्रंकेत एक तपकिरी पडलेला फोटो होता. चौकात लग्नाचं वऱ्हाड बसलेलं, मागे काळ्या दगडाची भिंत, मधोमध भक्कम कोरीव दरवाजा, त्याच्या कपाळपट्टीवर गणपती. मागे ना गावाचं नाव, ना साल. घरातली ज्येष्ठ मंडळी एकमुखाने सांगायची, "हा वाईकडचा वाडा." कारण विचारलं की दरवाजाकडे बोट जायचं.

फोटोतला वाडा ओळखताना बहुतेकांची पहिली चूक हीच होते. नजर सगळ्यात आधी कोरीवकामाकडे जाते, आणि प्रदेश ओळखायला तेच सगळ्यात कमी उपयोगाचं असतं. गणेशपट्टी, कमळं, वेलबुट्टी, मोठ्या दाराच्या पोटात बसवलेली माणूसभर दिंडी, फळ्यांवर लोखंडी फुल्या हे सगळं पुण्यापासून लातूरपर्यंत सापडतं. सुतार कारागीर घर बांधणाऱ्याच्या ऐपतीमागे जात असत. कुण्या देशमुखाने पुण्यात पाहिलेला दरवाजा आपल्या गावी करवून घेतला, तर तो पुण्याचाच दिसणार. शिवाय दरवाजा ही उचलून नेता येणारी वस्तू आहे. पडक्या वाड्यांचे दरवाजे आज हॉटेलांत आणि फार्महाऊसांत उभे आहेत. दरवाजा मूळचा आहे की आणून बसवलेला, हे तपासायला चौकटीच्या कडा पाहाव्यात. मूळच्या चौकटीच्या वरच्या लाकडाची टोकं दोन्ही बाजूंनी दगडी बांधकामात शिरलेली असतात आणि दाराला बिजागरी नसते. फळीतूनच वर-खाली निघालेला खुंट चौकटीतल्या खळगीत फिरतो. चौकटीभोवती सिमेंटची गुळगुळीत पट्टी दिसली, तर त्या दाराची साक्ष धरू नये.

भिंतीचा दगड दरवाजापेक्षा खरं बोलतो, पण फार मोघम. काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट महाराष्ट्राच्या बहुतेक भागाखाली पसरलेला आहे, त्यामुळे काळी भिंत दिसली की एवढंच म्हणता येतं की हे दक्षिण कोकण किंवा गोवा नसावं. तिथे जांभा असतो. जुन्या कृष्णधवल फोटोत मात्र इथेही फसायला होतं, कारण पावसाने आणि शेवाळाने जांभाही काळा पडतो. अशा वेळी दगडाचा पोत पाहावा. जांभा सच्छिद्र, स्पंजासारखा दिसतो, आणि खाणीतून काढताना मऊ असल्याने त्याचे सारख्या मापाचे मोठे चिरे पाडता येतात. काळ्या दगडाच्या गावठी भिंतीत लहानमोठे दगड एकमेकांत बसवलेले असतात. वऱ्हाडात पूर्णेच्या खोऱ्यात गाळाची जमीन खोल, दगड लांब, म्हणून तिथल्या गढ्यांच्या भिंती बऱ्याचदा मातीच्या किंवा विटांच्या. कोकणातल्या घराचं अंगण बहुधा घराच्या पोटात नसून पुढ्यात असतं, आणि भोवती माडांची दाटी असते. ही टोकं ओळखणं सोपं आहे. खरी अडचण घाटमाथ्याच्या पूर्वेला येते. पश्चिमेकडचा देश आणि मराठवाडा या दोन्हीकडे काळा दगड, दोन्हीकडे चौक, दोन्हीकडे सागवानी दरवाजा. फरक करायचा कसा?

त्यासाठी मान वर करून छप्पर पाहायचं.

वाईजवळची मेणवली 'स्वदेस' चित्रपटामुळे अनेकांनी पाहिली आहे. तिथे कृष्णेच्या काठी नाना फडणवीसांचा वाडा आहे. त्याची छपरं उतरती आणि कौलारू आहेत. पश्चिमेला घाट जवळ आला की पाऊस झडीचा होतो, दिवसेंदिवस थांबत नाही, आणि सपाट मातीच्या छताला वाळायला उसंत मिळत नाही. पूर्वेकडे पाऊस एखाद्या संध्याकाळी बदाबदा कोसळतो आणि मग आठ-दहा दिवस आकाश मोकळं राहतं. तिथे मातीचं सपाट छत टिकतं. त्याला माळवद म्हणतात.

माळवद कसं रचतात हे कळलं, की फोटोतल्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. दगडी तळखड्यांवर लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवे सरे आणि त्यांच्यावर लाकडाची फळकुटं जवळजवळ मांडलेली. त्यावर निंबाचा पाला किंवा तुरकाट्या पसरायच्या, त्यावर माती, आणि सगळ्यात वर पांढरी माती चोपून बसवायची. शेताला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणायची आपली जुनी रीत आहे. ही माती त्या पांढरीतूनच, पडक्या गढीतून किंवा गावाजवळच्या जुन्या वस्तीच्या टेकाडातून यायची. शेकडो वर्षांची राख आणि पडझड मिसळलेली ही माती चोपली की घट्ट बसते आणि पाणी सहज मुरू देत नाही. दर वर्षी मृगाआधी माळवदावर नवी माती टाकायची पद्धत होती. जुनी काढायची नाही, वर नवी घालायची. त्यामुळे थर वाढत जाऊन फूटभराचा दीड-दोन फूट होई.

आता वजनाचा हिशेब करू. फूटभर जाडीच्या मातीचं वजन दर चौरस फुटाला सुमारे 50 किलो भरतं. दोन खांबांमधल्या जागेला आपण खण म्हणतो. पाच फूट लांब, पाच फूट रुंद एवढ्या जागेवर 25 गुणिले 50, म्हणजे सव्वा टन माती झाली. कौलांचं वजन, खालच्या रिपांसकट धरलं तरी, याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास भरतं. म्हणूनच माळवदाखालचे खांब जाड, चौकोनी आणि जवळजवळ असतात, आणि त्यांच्या माथ्याशी आधाराची रुंद लाकडं असतात. पेशवाई धाटणीच्या वाड्यात सुरूच्या झाडासारखा निमुळता, नाजूक खांब शोभून दिसतो, कारण त्याच्यावर एवढा बोजा नसतो.

छपराचा माथा फोटोत कापला गेला असेल, तरी माळवद आपल्या खुणा ठेवतं. पहिली खूण पन्हाळ. सपाट छतावरचं पाणी बाहेर टाकायला भिंतीच्या वरच्या कडेतून लाकडाची, दगडाची किंवा पत्र्याची पन्हाळ पुढे काढलेली असते, आणि तिच्याखाली भिंतीवर ओल्या डागाचा पट्टा उतरलेला असतो. दुसरी खूण जिना. माळवदावर धान्य वाळवायचं, कुरडया घालायच्या, उन्हाळ्यात झोपायचं, म्हणून चौकातून वर जायला शिडी किंवा भिंतीत बांधलेल्या पायऱ्या असतात. तिसरी खूण घराच्या आतल्या फोटोत मिळते. अंधाऱ्या खोलीत छतातून उजेडाचा एकच झोत खाली येत असेल, तर वर सवणं आहे. उजेडाला वाट आणि धुराला बाहेर पडायची जागा म्हणून माळवदाला ठेवलेलं हे भोक, पावसात झाकून घ्यायचं.

ट्रंकेतला फोटो मी या नजरेने पुन्हा पाहिला. वरच्या कडेला फोटो कापलेला होता, छप्पर दिसतच नव्हतं. पण दरवाजाच्या डाव्या बाजूला, अगदी कडेवर, दोन अनवाणी पाय लोंबकळत होते. लग्न बघायला कुणी पोर छताच्या कडेवर बसलं होतं. कौलांच्या वळचणीवर पोर असं बसू शकत नाही. उजवीकडे वरून पुढे आलेली एक दांडी होती, ती आम्ही इतकी वर्षं मांडवाची समजत होतो. तिच्याखाली भिंतीवर गडद पट्टा होता. ती पन्हाळ होती. ओसरीचे तीन खांब दिसत होते, चौकोनी आणि चांगलेच जाड. वाईचा दावा तिथेच मागे पडला.

पण म्हणून लगेच मराठवाडा म्हणता येत नव्हतं. माळवदाचा पट्टा जिल्ह्यांच्या रेषा मानत नाही. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पूर्वेच्या माण तालुक्यात जेमतेम पाचशे. त्यामुळे माण-खटावातही माळवदं आहेत, सोलापुरात आहेत, नगरच्या दक्षिण भागात आहेत, आणि सीमेपलीकडे विजयपूर, कलबुर्गीकडेही अशीच घरं आहेत. छपराने आम्हाला पाऊस सांगितला, गाव नाही.

पुढची खूण फोटोत नव्हती, ती मावशीच्या बोलण्यात मिळाली. मी छतावरच्या पायांबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, माळवदावर चढून बसायची पोरं, आजी ओरडायची." मातीच्या सपाट छताला खानदेशात आणि वऱ्हाडात धाबं म्हणतात. तिच्या तोंडी शब्द माळवद आला, धाबं नाही. घरात रुजलेला शब्द माणूस सहसा बदलत नाही. तापीकाठ त्यामुळे वगळता आला. माणदेशापासून लातूरपर्यंतचा पट्टा मात्र अजून शिल्लक होता.

मग ट्रंकेत शोधताना त्याच दरवाजाचा दुसरा फोटो सापडला, रंगीत, मागे 1994 लिहिलेला. गणेशपट्टी तीच, भिंत तीच, फक्त वर पत्रा. पत्र्याची कड दगडांनी दाबून धरलेली. तेवढ्याशा पत्र्यासाठी दोन-अडीच फूट जाड भिंत कुणी बांधत नाही. जाड भिंतीवर हलकं छप्पर दिसलं, की आधी तिथे माती होती असं समजावं. आणि पत्र्याच्या खाली, भिंतीत, पन्हाळ तशीच पुढे आलेली होती, आता तिच्यातून पाणी यायचं कारण उरलं नव्हतं.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसं गेली. तिथल्या भिंती दोन पदरी दगडाच्या होत्या, मधली पोकळी माती-कपच्यांनी भरलेली. दोन्ही पदरांना एकत्र बांधणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. हादऱ्याने पदर सुटे झाले, आणि वरची टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली. जी घरं उभी राहिली त्यांतल्याही अनेकांना पुन्हा माळवदाखाली निजायचं धाडस झालं नाही. त्यांनी छतावरची माती उतरवली आणि पत्रे टाकले.

रंगीत फोटो मी मावशीच्या हातात दिला. तिने तो बराच वेळ जवळ धरला आणि म्हणाली, "ही माती आम्ही सगळ्यांनी पाट्यांनी खाली आणली. दहा दिवस लागले. तोवर चौकातच निजत होतो." मग गावाचं नाव सांगितलं. ते किल्लारीपासून फार लांब नाही.