दहा टन द्राक्षं, सहा तास

‘एका शीतगृहात रोज १० टन द्राक्षं ३० अंश सेल्सिअस तापमानाला येतात. ती ६ तासांत २ अंशांपर्यंत थंड करायची आहेत. द्राक्षांची विशिष्ट उष्माधारकता ३.७ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश आहे. यंत्रणेची क्षमता किती टन लागेल?’

गेट परीक्षेत कृषी अभियांत्रिकी किंवा फूड टेक्नॉलॉजी घेणाऱ्यांना आणि पदवीच्या विद्यार्थ्यांना अशा वळणाचे प्रश्न नेहमीचे आहेत. गणित गुणाकार-भागाकाराचंच आहे. पण नाशिक-सांगलीकडे द्राक्षांसाठी प्रीकूलिंग आणि कोल्ड स्टोरेज उभं करताना जे हिशेब करावे लागतात, त्यांतला सगळ्यात महागात पडणारा हिशेब नेमका याच प्रश्नात आहे. म्हणून तो सावकाश सोडवून पाहू.

पहिली पायरी सरळ आहे. १० टन म्हणजे १०,००० किलो. तापमान २८ अंशांनी उतरवायचं आहे. १०,००० गुणिले ३.७ गुणिले २८ केलं, की १०,३६,००० किलोज्यूल येतात. एवढी उष्णता द्राक्षांतून बाहेर काढायची आहे. इथपर्यंत बहुतेक सगळे बरोबर येतात.

दुसरी पायरी वेळेची. ६ तास म्हणजे २१,६०० सेकंद. या सेकंदांनी भागलं की ४८ किलोवॅट मिळतात. प्रश्नात उत्तर ‘टन’मध्ये मागितलंय, पण हा टन मालाचा नाही. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना ज्या वेगाने उष्णता शोषतो, तो वेग म्हणजे शीतकरणाचा एक टन. त्यातला बर्फाचा टन अमेरिकेतला, म्हणजे २००० पौंडांचा, सुमारे ९०७ किलोंचा आहे. त्यामुळे एक टन बरोबर ३.५१७ किलोवॅट. जे विद्यार्थी १००० किलो बर्फ धरून हा आकडा स्वतः काढायला जातात त्यांना ३.८८ मिळतो आणि उत्तर चुकतं. ४८ भागिले ३.५१७ म्हणजे १३.६ टन, हे परीक्षेतलं उत्तर.

आता प्रश्नातले ‘६ तास’ खोडून तिथे ‘२४ तास’ लिहा. माल तोच, काढायची उष्णताही तीच, पण उत्तर येतं फक्त ३.४ टन. यंत्रणेचा आकार मालाच्या वजनाइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, घाईवर ठरतो. ‘माझा माल रोज १० टन, मला किती टनांचं मशीन लागेल?’ या प्रश्नाला वेळ सांगितल्याशिवाय उत्तरच नसतं.

मग ही घाई द्राक्षांना एवढी का? द्राक्ष तोडल्यानंतर पिकत नाही. जी चव वेलीवर असताना आली तीच शेवटपर्यंत. तोडल्या क्षणापासून सुरू होतं ते पाणी उडून जाणं, आणि त्याची पहिली खूण मण्यांवर दिसत नाही, देठावर दिसते. हिरवा देठ तपकिरी पडतो, वाळतो, मग घड हलवला की मणी गळतात. मार्चच्या उन्हात पेटीत भरलेला माल रात्रभर हळूहळू थंड होत राहिला तर पहाटेपर्यंत देठाचं नुकसान होऊन गेलेलं असतं. म्हणून प्रीकूलिंगच्या खोलीत मोठ्या पंख्यांनी थंड हवा पेट्यांच्या भोकांतून खेचून घेतात आणि काही तासांतच माल खाली आणतात. नंतर तो साठवणीच्या खोलीत जातो.

परीक्षेतला प्रश्न इथे एक गोष्ट झाकून ठेवतो. ६ तासांत उष्णता एकसारख्या वेगाने निघते असं तो गृहीत धरतो. वस्तू तशी थंड होत नाही. माल आणि हवा यांच्या तापमानात जेवढा फरक, तेवढा थंड होण्याचा वेग. हवा ० अंशाला स्थिर आहे असं धरू. ३० अंशांची द्राक्षं ठरावीक वेळात १५ वर येतात. पुन्हा तेवढाच वेळ गेला की साडेसातवर, मग पावणेचारवर आणि चौथ्या टप्प्याला २ च्या जरा खाली. या टप्प्याला निम्मं थंड होण्याचा काळ म्हणतात. ६ तासांत असे चार टप्पे बसवायचे तर प्रत्येकाला दीड तास मिळतो. पहिल्याच दीड तासात २८ पैकी १५ अंश उतरतात, म्हणजे निम्म्याहून जास्त उष्णता बाहेर येते. त्या दीड तासाचा हिशेब केला तर सरासरी १०३ किलोवॅट, म्हणजे २९ टन येतो. आपलं उत्तर मात्र १३.६ टनांचं होतं!

१३.६ टनांचं मशीन बसवलं तर काय होईल? पहिल्या तासात मशीन कमी पडेल. खोलीतली हवा ० ला राहणार नाही, ती आठ-दहा अंशांपर्यंतही चढू शकेल. हवा तापली की फरक कमी, फरक कमी की थंड होण्याचा वेग कमी. सहा तासांचं काम मग आठ-दहा तासांवर जातं आणि तोवर पुढच्या गाड्या दारात उभ्या असतात. हे ओळखणं सोपं आहे. माल आत गेल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत खोलीच्या हवेचं तापमान दर पंधरा मिनिटांनी लिहून ठेवायचं. काटा बराच वेळ वरच राहिला तर मशीन छोटं आहे.

पूर्ण २९ टन बसवणंही परवडत नाही, कारण उरलेले साडेचार तास ते मशीन मोकळं राहील. यावर पाठ्यपुस्तकांनी काढलेला मधला मार्ग म्हणजे थंड होण्याच्या वेगाचा गुणांक. प्रश्नात तो ०.८ दिला असेल तर ४८ ला ०.८ ने भागायचं. हा गुणांक एकाहून लहान असतो आणि त्याने गुणायचं नसतं, भागायचं असतं. उत्तर कमी झालं तर चूक झाली असं समजावं. इथे ६० किलोवॅट येतात, म्हणजे १७ टन. पुढचं गणित याच आकड्यावर करू.

ही ६० किलोवॅट उष्णता उचलून बाहेर टाकायची कशी, हा प्रश्नाचा दुसरा भाग. मोठ्या शीतगृहांत हे काम बऱ्याचदा अमोनिया करतो. एक किलो अमोनियाबरोबर फिरून आलं की चारही भाग कळतात. कॉइलमध्ये तो उणे ५ अंशांना उकळत असतो. तिथून वाफ होऊन कॉम्प्रेसरमध्ये शिरताना त्याची एन्थाल्पी, म्हणजे सोबत वाहून नेलेली ऊर्जा, साधारण १४४० किलोज्यूल असते. कॉम्प्रेसर त्याला दाबतो तेव्हा ती १६४५ होते आणि वाफ शंभर अंशांच्या आसपास तापते. कंडेन्सरमध्ये ही वाफ आपली उष्णता बाहेर सोडते आणि ४० अंशांचं द्रव बनते, एन्थाल्पी ३७०. एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून जाताना दाब कोसळतो, तापमान उणे ५ वर येतं, पण एन्थाल्पी ३७० च राहते. तिथे ना उष्णता आत येते, ना बाहेर जाते, ना काही काम होतं.

हा व्हॉल्व्हच विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त चकवतो. उणे ५ अंशांना अमोनियाची बाष्पीभवनाची उष्णता सुमारे १२८० किलोज्यूल आहे, म्हणून कॉइलमध्ये किलोमागे १२८० मिळतात असं लिहून ते मोकळे होतात. प्रत्यक्षात व्हॉल्व्हमधून पडतानाच सहावा हिस्सा अमोनिया स्वतःलाच थंड करण्यासाठी वाफ होऊन जातो. तो कॉइलच्या उपयोगाचा नाही. १४४० वजा ३७० म्हणजे १०७० किलोज्यूल एवढीच खरी कमाई.

पुढे सगळं भराभर सुटतं. ६० भागिले १०७० म्हणजे सेकंदाला ५६ ग्रॅम अमोनिया फिरवावा लागेल. कॉम्प्रेसर किलोमागे २०५ किलोज्यूल खर्च करतो, म्हणजे ११.५ किलोवॅट. कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर १५.३. कंडेन्सरने फक्त ६० टाकून भागत नाही. कॉम्प्रेसरने घातलेली ऊर्जाही तिथूनच बाहेर पडते, म्हणून त्याचा आकार ७५ किलोवॅटसाठी हवा.

प्रश्नात ‘उणे ५’ हा आकडा आयता मिळतो. प्रत्यक्षात तो कोणी तरी ठरवलेला असतो आणि माझ्या मते सगळ्या यंत्रणेतला तो सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. कॉइल मोठी, भरपूर पृष्ठभागाची असेल तर ० अंशाच्या खोलीसाठी ती उणे ५ ला चालते. पैसे वाचवायला लहान कॉइल बसवली तर तेवढीच उष्णता ओढण्यासाठी तिला आणखी थंड, समजा उणे १५ ला चालावं लागतं. त्या तापमानाला अमोनियाची वाफ विरळ असते. उणे ५ ला एक किलो वाफ ०.३५ घनमीटर जागा घेते, उणे १५ ला ०.५१. कॉम्प्रेसर प्रत्येक फेरीत ठरावीक आकारमानच खेचतो, त्यामुळे त्याच कॉम्प्रेसरमधून आता दोन तृतीयांशच अमोनिया जातो. नावाला १७ टनांचं मशीन बारा टनांच्याही खाली काम करू लागतं. शिवाय जास्त थंड कॉइलवर हवेतली वाफ बर्फ होऊन बसते. द्राक्षांना ९० ते ९५ टक्के आर्द्रता लागते आणि कॉइलवरचा तो बर्फ द्राक्षांच्या देठांतूनच आलेला असतो. कॉइलवर वारंवार जाड बर्फ धरत असेल आणि दार बराच वेळ उघडं राहिलेलं नसेल, तर कॉइल लहान आहे का हे आधी तपासा.

साठवणीच्या खोलीचा हिशेब यामानाने शांत आहे. भारतात टनामागे ३.४ घनमीटर जागा धरायची पद्धत आहे, म्हणजे १०० टनांना ३४० घनमीटरची खोली. ती १० मीटर लांब, साडेआठ रुंद आणि ४ उंच धरली तर भिंती, छत, जमीन मिळून सुमारे ३२० चौरस मीटर पृष्ठभाग होतो. चांगल्या पफ पॅनलमधून, बाहेर ४० अंश असताना, ३.२ किलोवॅट आत शिरतात. द्राक्षांच्या श्वसनाचे टनामागे ६ वॅट धरले तर अवघे ०.६. रोजचा नवा माल २ वरून ० ला आणायला ०.९. दार उघडल्यावर येणारी हवा, पंखे, दिवे, माणसं यांचे मिळून ४ धरू. बेरीज ८.७. त्यावर १० टक्के राखीव. डिफ्रॉस्टसाठी मशीन दिवसात १८ तासच चालणार, म्हणून २४ भागिले १८ ने गुणायचं. उत्तर १२.८ किलोवॅट, ३.६ टन.

शंभर टन द्राक्षं सांभाळायला साडेतीन टन आणि दहा टन द्राक्षं सहा तासांत थंड करायला सतरा टन. जे बागायतदार किंवा गट नवीन शीतगृहासाठी कोटेशन मागवणार आहेत, त्यांनी ‘इतक्या टनांचं मशीन’ एवढ्यावर थांबू नये. किती किलो माल, किती अंशांवरून किती अंशांवर, किती तासांत, आणि कॉइल व कंडेन्सर किती अंशांना चालत असताना मशीन एवढे टन देईल, हे सगळं पुरवठादाराकडून लेखी घ्यावं.