फ्रेममधले ट्रेडमार्क प्रमाणपत्र नीट वाचताना

अनेक दुकानांत गल्ल्यामागच्या भिंतीवर परवान्यांच्या रांगेत ट्रेडमार्क नोंदणीचे प्रमाणपत्रही फ्रेम करून लावलेले असते. ते पाहून मालकासह बहुतेकांची समजूत होते की हे नाव आता कायमचे आणि सर्व बाबतींत त्याचेच झाले. प्रत्यक्षात या एका पानावर हक्काच्या सीमा लिहिलेल्या असतात. कोणते चिन्ह, कोणाच्या नावे, कोणत्या तारखेपासून, कोणत्या वर्गात आणि नेमक्या कोणत्या मालासाठी, हे सारे तिथे असते. यातल्या तारखेकडे आणि मालाच्या वर्णनाकडे सर्वांत कमी लक्ष जाते आणि पुढचे बहुतेक वाद तिथेच उभे राहतात.

आधी चिन्हाचे पाहू. नोंदणी नुसत्या शब्दाची असते किंवा चित्र, अक्षरवळण आणि शब्द मिळून तयार झालेल्या लेबलची. लेबल नोंदवले असेल, तर हक्क त्या संपूर्ण लेबलवर मिळतो. त्यातला ‘गावरान’ किंवा ‘शुद्ध’ असा एखादा शब्द सुटा काढून त्यावर मालकी सांगता येत नाही. १९९९च्या ट्रेड मार्क्स कायद्याच्या सतराव्या कलमात हे स्पष्ट आहे.

वर्ग ही पुढची पायरी. जगभर वापरल्या जाणाऱ्या नीस वर्गीकरणात एकूण ४५ वर्ग आहेत. पहिले ३४ वस्तूंचे, उरलेले ११ सेवांचे. घरगुती खाद्यपदार्थांचा व्यवसाय करणाऱ्याला ही विभागणी चक्रावून टाकते. मसाले ३०व्या वर्गात येतात, लोणची मात्र २९व्या. ताजे आंबे ३१व्या वर्गात, कोकम सरबत ३२व्या वर्गात आणि त्याच नावाने खानावळ काढली तर ती सेवा ४३व्या वर्गात. फक्त ३०व्या वर्गाचे प्रमाणपत्र असलेल्याची नोंदणी मसाल्यांसाठी आहे. लोणच्यासाठी अर्ज वेगळा करावा लागतो किंवा एकाच अर्जात दोन्ही वर्ग घालून दोन्हींचे शुल्क भरावे लागते.

पण वर्ग मिळाला म्हणजे त्या वर्गातला सगळा माल मिळाला, असेही नाही. हैदराबादच्या वझीर सुलतान टोबॅको कंपनीची ‘चारमिनार’ सिगारेट प्रसिद्ध होती. कंपनीची नोंदणी ३४व्या वर्गात ‘तयार तंबाखू’ अशा ऐसपैस वर्णनाखाली होती, पण या नावाने ती विकत होती फक्त सिगारेट. दुसऱ्या एका व्यापाऱ्याला ‘चारमिनार’ नावाने जर्दा आणि किवाम विकायचा होता. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९६ साली न्यायालयाने सांगितले की ज्या मालाचा व्यापारच केला नाही आणि करण्याचा खरा इरादाही दिसत नाही, तो केवळ वर्णनाच्या जोरावर अडवून ठेवता येणार नाही. कंपनीची नोंद सिगारेटपुरती मर्यादित झाली.

‘नंदिनी’चा निकाल अलीकडचा. कर्नाटक दूध महासंघ १९८५पासून या नावाने दूध आणि दुधाचे पदार्थ विकतो. १९८९पासून ‘नंदिनी’ नावाचीच उपाहारगृहे चालवणाऱ्या ‘नंदिनी डिलक्स’ने आपल्या खाद्यपदार्थांसाठी त्याच २९व्या वर्गात नोंदणी मागितली. महासंघाने हरकत घेतली आणि उच्च न्यायालयात त्याचीच बाजू टिकली. जुलै २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र निर्णय फिरवला. वर्ग एक असला तरी माल वेगळा, चिन्हांची घडण वेगळी, शिवाय नंदिनी हे नाव गाईचे आणि देवतेचे म्हणून सर्वांच्या परिचयाचे. म्हणून दूध आणि दुधाचे पदार्थ वगळून उपाहारगृहाला नोंदणीची वाट मोकळी झाली.

आता तारीख. प्रमाणपत्रावर दोन तारखा असतात. वरची अर्जाची, खालची प्रमाणपत्र दिल्याची. नोंदणीची दहा वर्षे अर्जाच्या तारखेपासून मोजली जातात आणि गफलत इथेच होते. समजा, कोल्हापूरच्या एका मसालेवाल्याने १४ ऑगस्ट २०१५ला अर्ज केला आणि प्रमाणपत्र त्याच्या हाती जानेवारी २०१८मध्ये पडले. त्याच्या डोक्यात २०२८ हे साल बसते. नोंदणी मात्र १४ ऑगस्ट २०२५लाच संपते.

मुदत संपण्याआधीच्या वर्षभरात टीएम-आर या फॉर्मवर नूतनीकरण करता येते. २०१७च्या नियमांनुसार ऑनलाइन शुल्क प्रत्येक वर्गासाठी ९,००० रुपये आहे. तारीख हुकली, तर पुढचे सहा महिने, म्हणजे या उदाहरणात १४ फेब्रुवारी २०२६पर्यंत, ४,५०० रुपये जादा भरून नूतनीकरण होते. तीही वेळ गेली तर मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत, म्हणजे १४ ऑगस्ट २०२६पर्यंत, नोंद पुनर्स्थापित करण्याचा अर्ज करता येतो. त्याचे शुल्क वेगळे असते आणि मंजुरी निबंधकांच्या निर्णयावर अवलंबून असते. त्यानंतर नवा अर्ज, नवा क्रमांक आणि मधल्या काळात दुसऱ्या कोणी अर्ज केला असेल तर त्याच्याशी सामना. मुदत संपत आल्याची सूचना कार्यालयाने पाठवायची असते, पण ती नोंदीतल्या पत्त्यावर जाते. दुकान हलवूनही पत्ता बदलून न घेतलेल्यांना ती मिळत नाही. पत्ता किंवा मालकी बदलली तर लगेच नोंद करा, अशी सूचना म्हणूनच प्रमाणपत्राच्या तळाशी छापलेली असते.

भिंतीवरचा कागद आजची स्थिती सांगत नाही, ती नोंदवहीत कळते. ही नोंदवही कोणालाही पाहता येते. ipindia.gov.in या संकेतस्थळावर ट्रेडमार्क विभागात जाऊन प्रमाणपत्रावरचा क्रमांक टाकला की सध्याचा मालक, मालाचे वर्णन, मुदतीची तारीख आणि स्थिती दिसते. ‘Registered’ म्हणजे नोंद झालेली, ‘Objected’ म्हणजे तपासनिसाने आक्षेप घेतलेला, ‘Opposed’ म्हणजे दुसऱ्या कोणी हरकत घेतलेली आणि ‘Removed’ म्हणजे नोंदवहीतून काढून टाकलेली. एखाद्याचा ब्रँड विकत घेताना किंवा फ्रँचायझी घेताना हे पान आधी उघडावे. स्थितीबरोबर मुदतीची तारीखही वाचावी आणि करारावर सही करणारा माणूस नोंदीतला मालकच आहे का, हे ताडून पाहावे.

नवे नाव ठरवताना मात्र क्रमांक नसतो. तेव्हा त्याच संकेतस्थळावरचा सार्वजनिक शोध वापरायचा. तिथे नाव आणि वर्ग दोन्ही द्यावे लागतात, म्हणून प्रत्येक संबंधित वर्गात शोध वेगळा घ्यायचा. नुसते ‘Wordmark’ पाहून थांबू नये. ‘Phonetic’ हा पर्याय सारख्या उच्चाराची नावेही दाखवतो. मराठी नावे रोमन लिपीत नाना तऱ्हांनी लिहिली जातात. ‘मालवणी’ शोधताना Malvani आणि Malwani दोन्ही टाकून पाहायला हवे.

शोध कोरा निघाला तरी एक धोका उरतो. नोंदणी न करता तेच नाव आधीपासून सलग वापरणारा कोणी असू शकतो आणि कायद्याचे चौतिसावे कलम त्याला संरक्षण देते. त्याचा माग नोंदवहीत लागत नाही, तो बाजारात घ्यावा लागतो.

स्वतःची नोंद झाल्यावरही हा शोध अधूनमधून घ्यावा. स्वीकारलेले नवे अर्ज दर आठवड्याच्या ट्रेड मार्क्स जर्नलमध्ये छापले जातात. आपल्यासारखे नाव तिथे दिसले, तर हरकत घ्यायला चार महिने मिळतात. ही मुदत वाढवून मिळत नाही आणि ते नाव एकदा नोंदले गेले की ते काढून टाकण्यासाठी वेगळी कारवाई करावी लागते.