‘करण्यात येत आहे’ म्हणजे नेमकं कोण करतंय?

‘बदलत्या बाजारपेठेच्या पार्श्वभूमीवर संस्थेच्या रचनेचे सुसूत्रीकरण करण्यात येत असून काही भूमिकांवर त्याचा परिणाम होण्याची शक्यता आहे.’ हे वाक्य दोनदा वाचा आणि सांगा, तुमची नोकरी राहिली की गेली? सांगता येणार नाही. वाक्य रचलंच आहे तशा बेताने.

कंपनीत पुनर्रचना जाहीर करायची असते, तेव्हा सगळ्यांना एका मोठ्या खोलीत किंवा एका व्हिडिओ कॉलवर बोलावतात. या सभेला कार्यालयात ‘टाऊन हॉल’ म्हणतात. ‘कोणाकोणाला नारळ मिळणार?’ ही कुजबुज जेवणाच्या टेबलावर चार दिवस आधीच सुरू झालेली असते. त्यामुळे सभेत बसलेल्या माणसाला तीनच गोष्टी ऐकायच्या असतात : मी आहे की नाही, हे कोणी ठरवलं आणि का. वरच्या वाक्यात तिन्हींची उत्तरं नाहीत.

ही पळवाट काढायला मराठी व्याकरणही मदत करतं. ‘आम्ही २२ पदं कमी करत आहोत’ म्हटलं, की करणारा समोर उभा राहतो. ‘२२ पदं कमी करण्यात येत आहेत’ म्हटलं, की करणारा पडद्याआड जातो; जणू पाऊस पडावा तशी पदं आपोआप कमी झाली. दुसरी गंमत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांची. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे, म्हणून तिथे हा घोळ झाकला जातो. मराठीत ‘आपल्याला हा कठीण निर्णय घ्यावा लागला’ असं म्हटलं, की ज्याची नोकरी गेली त्यालाही निर्णयात भागीदार करून टाकलं जातं. निर्णय ‘आम्ही’ घेतलेला असतो. त्याचे परिणाम तेवढे ‘आपण’ भोगतो.

लपवाछपवी फक्त शब्दांत नसते, क्रमातही असते. जुलै २०१४मध्ये मायक्रोसॉफ्टच्या फोन विभागाचे प्रमुख स्टीफन एलॉप यांनी कर्मचाऱ्यांना पत्र पाठवलं. हा विभाग नोकियाकडून विकत घेतलेला होता. पत्राची सुरुवात मित्राला हाक मारावी तशी. मग कंपनीचं धोरण, कोणता फोन कोणासाठी, असे परिच्छेदांमागून परिच्छेद. बरंच खाली गेल्यावर कळतं की येत्या वर्षात सुमारे १२,५०० नोकऱ्या जाणार आहेत. पत्रात खोटं काही नव्हतं. पण जी ओळ सगळे शोधत होते ती खाली पुरली होती, आणि लोकांच्या लक्षात तेवढंच राहिलं.

मग सरळ सांगितलं की झालं? तेही नाही. १ डिसेंबर २०२१ रोजी अमेरिकेतल्या बेटर डॉट कॉम या गृहकर्ज कंपनीचे प्रमुख विशाल गर्ग झूम कॉलवर आले. या कॉलवर जे आहेत त्यांची नोकरी गेली, असं त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितलं. तीन-चार मिनिटांत सुमारे ९०० जणांचा विषय संपला. संदिग्ध काहीच नव्हतं, तरी जगभर टीका झाली आणि गर्ग यांना या पद्धतीबद्दल माफी मागावी लागली. आपली नोकरी गेल्याचं प्रत्येकाला गर्दीत कळलं होतं आणि विचारायला जागाच नव्हती. म्हणजे मसुदा लिहायला बसण्याआधी दिवसाचं वेळापत्रक लिहायला हवं : ज्यांचं पद जाणार आहे त्यांना आधी, एकेकट्याला, बाकीच्यांना त्याच दिवशी, नंतर.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातली १४० माणसांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. सर्वांत मोठा ग्राहक गेला. टेस्टिंग आणि सपोर्ट हे दोन विभाग एकत्र करायचे आहेत आणि २२ पदं कमी होणार आहेत. सकाळी नऊ ते साडेअकरा या वेळात त्या २२ जणांशी बोलून झालं आहे. बारा वाजता प्रमुख व्यवस्थापक सगळ्यांसमोर उभे राहतात. त्यांचं सुरुवातीचं बोलणं असं असावं :

‘नमस्कार. आजची बातमी वाईट आहे, म्हणून आधी तीच सांगतो. कंपनीतल्या १४० पदांपैकी २२ पदं आम्ही कमी करत आहोत. ज्यांची पदं जात आहेत, त्या प्रत्येकाशी आज सकाळी त्यांचे मॅनेजर आणि एचआर समोर बसून बोलले आहेत. तुमच्याशी कोणी बोललं नसेल, तर तुमचं पद या यादीत नाही.

‘हा निर्णय मी आणि संचालक मंडळाने घेतला. आपल्या दर शंभर रुपये उत्पन्नातले २८ रुपये एकाच ग्राहकाकडून येत होते. त्यांचा करार ३० जूनला संपला आणि त्यांनी तो पुढे चालू ठेवला नाही. असं होऊ शकतं, हे मला फेब्रुवारीत कळलं होतं. करार वाढेल असं धरून मी मार्चमध्येही भरती चालू ठेवली. माझा अंदाज चुकला.

‘त्या ग्राहकाच्या कामावरची पदं, आणि दोन विभाग एक झाल्यावर दुहेरी होणारी पदं, अशी ही २२ पदं आहेत. कोणाच्या कामात खोट होती म्हणून ती निवडलेली नाहीत. शेवटचा दिवस ३१ जुलै. नोटिशीचा दोन महिन्यांचा पगार मिळेल. शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार. आरोग्य विमा ३१ डिसेंबरपर्यंत चालू राहील. पत्रात पद रद्द झाल्याचंच कारण लिहिलेलं असेल. कोणाकडूनही राजीनामा लिहून घेतला जाणार नाही.

‘जे राहणार आहेत त्यांच्यासाठी : टेस्टिंग आणि सपोर्ट १ ऑगस्टपासून एक विभाग होईल. कोणाचा मॅनेजर बदलतो, ते आज पाच वाजेपर्यंत प्रत्येकाला कळेल. पुन्हा कपात होणार नाही, असं वचन मी देऊ शकत नाही. आज दुसरी यादी तयार नाही, एवढं सांगू शकतो. आणखी दोन मोठे करार डिसेंबरमध्ये संपतात. त्यांचं काय होतंय, ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी इथेच येऊन सांगेन.

‘आता मी थांबतो. विचारा. ज्याचं उत्तर मला ठाऊक नसेल, ते शुक्रवारपर्यंत लेखी देईन.’

दोन-अडीच मिनिटांचं हे बोलणं. त्यात काय नाही, ते आधी पाहू. ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ नाही. कुटुंबातून माणसं कमी करत नाहीत. ‘मलाही रात्रभर झोप लागली नाही’ नाही. ते खरं असलं तरी आज सांत्वन त्यांचं करायचं नाही. ‘यातून आपण अधिक बळकट होऊ’ नाही. सकाळीच टेबल आवरायला सांगितलेल्या माणसापुढे ते बोलवत नाही.

सर्वांत मोलाचं वाक्य म्हणजे ‘तुमच्याशी कोणी बोललं नसेल, तर तुमचं पद या यादीत नाही.’ ते येईपर्यंत सभेतलं कोणीही पुढचं काही ऐकत नसतं. मात्र हे वाक्य उच्चारायचं, तर आधीच्या अडीच तासांत एकही माणूस सुटून चालत नाही. रजेवर असलेले, बाळंतपणाच्या रजेवर असलेले, त्या दिवशी प्रवासात असलेले अशांची यादी वेगळी करून त्यांना फोन करावे लागतात. मोठ्या, अनेक देशांत पसरलेल्या कंपनीला हे जमत नाही. मे २०२०मध्ये एअरबीएनबीने ७,५००पैकी सुमारे १,९०० जणांना कमी केलं, तेव्हा प्रमुख ब्रायन चेस्की यांनी सगळ्यांना आधी पत्र लिहिलं. पण आकडा, निवडीचा निकष, भरपाई आणि स्वतःबद्दल कोणाला कधी कळेल, हे सगळं त्या पत्रातच होतं. आधी भेटणं शक्य नसेल, तर निदान वेळ तरी सांगावी.

‘माझा अंदाज चुकला’ या वाक्यावर कायदेशीर सल्लागार हमखास पेन्सिल फिरवतात. त्यांची भीती अगदीच निराधार नसते. म्हणून हे वाक्य धंद्याच्या अंदाजापुरतं ठेवावं आणि कोणाही व्यक्तीच्या नावाबद्दल किंवा कामाबद्दल सभेत बोलू नये. पण ते वाक्य काढलं, की चूक ‘बाजारपेठे’च्या अंगावर जाते. मार्चमध्येच रुजू झालेली मुलगी मग मनात विचारते, ‘मला घेतलं तेव्हा यांना ठाऊक नव्हतं का?’ प्रश्न मनात येणारच असेल, तर उत्तर आधी दिलेलं बरं.

कारण नीट सांगण्याचा उपयोग मोजलेलाही आहे. जेराल्ड ग्रीनबर्ग या अमेरिकी संशोधकाने १९९०मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच कंपनीच्या दोन कारखान्यांत दहा आठवडे पगार १५ टक्क्यांनी कापले होते. एका ठिकाणी प्रमुखांनी आकडे दाखवून, खेद व्यक्त करून, प्रश्न घेऊन सविस्तर समजावलं. दुसऱ्या ठिकाणी थोडक्यात सांगून विषय आटोपला. त्या काळात चोऱ्या दोन्हीकडे वाढल्या, पण थोडक्यात आटोपलं तिथे कितीतरी जास्त. नोकरी सोडून जाणारेही तिथेच अधिक. कापलेला पगार सारखाच होता, वेगळं होतं ते सांगणं. तो प्रश्न पगारकपातीचा होता, माणसं कमी करण्याचा नव्हता, हे खरं. पण मागे राहणारी माणसं बोलण्याचा हिशेब ठेवतात, एवढं त्यातून दिसतं.

राजीनाम्याचं वाक्य आपल्याकडे विशेष लागतं. ‘स्वतःहून राजीनामा द्या, एक्स्पीरियन्स लेटर चांगलं मिळेल’ असं बंद खोलीत सांगायचं आणि सभेत फक्त ‘पुनर्रचना’ म्हणायचं, ही जुनी चाल आहे. कायद्याने जो ‘कामगार’ ठरतो, त्याने वर्षभर सलग काम केलं असेल, तर कपातीच्या वेळी त्याला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार मिळायला हवा. कागदावर राजीनामा आला, की ती भरपाई मागण्याचा आधारच ढासळतो. मॅनेजर पदावरचे बरेच जण या व्याख्येत बसत नाहीत. त्यांच्यासाठी नेमणूकपत्रातल्या अटी आणि सभेत दिलेला शब्द एवढंच उरतं. म्हणून तो शब्द तारखेसकट, रकमेसकट असावा आणि सभा संपताच लेखी हातात पडावा.

मसुदा खरा उतरला की नाही, हे तपासायची सोपी रीत आहे. कंपनीशी संबंध नसलेल्या एखाद्याला तो एकदाच वाचून दाखवावा आणि विचारावं : किती जण, कोणी ठरवलं, का, आणि मला कधी कळेल? चारांपैकी एकाचंही उत्तर अडलं, तर मसुदा परत लिहायचा. मग लाल पेन घेऊन ‘करण्यात येत आहे’, ‘शक्यता आहे’, ‘काही’ आणि ‘आपल्याला’ या शब्दांभोवती गोल करायचा. प्रत्येक गोलाच्या जागी एक नाव, एक आकडा किंवा एक तारीख बसते का, ते पाहायचं. बसत नसेल, तर ती गोष्ट अजून ठरलेली नाही आणि ‘हे अजून ठरलेलं नाही’ असंच म्हणायचं.

पुढच्या वेळी तुम्ही अशा सभेत श्रोते म्हणून बसला असाल आणि ‘करण्यात येत आहे’ कानावर पडलं, तर हात वर करून शांतपणे विचारा : ‘साहेब, कोण करतंय?’