६.८४ गुणिले ८.८

भाचीनं प्रमाणपत्र माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "मामा, हे बरोबर आहे का बघ ना." विद्यापीठाच्या कागदावर तीनच ओळी कामाच्या होत्या. सीजीपीए ६.८४, रूपांतराचा गुणक ८.८, टक्केवारी ५९.०५. तिला ज्या नोकरीसाठी अर्ज भरायचा होता तिथं किमान साठ टक्के हवे होते.

मोबाइलवर गुणाकार केला. ६.८४ गुणिले ८.८ म्हणजे ६०.१९. ज्या कागदावर गुणक छापला होता, त्याच कागदावर तो चुकला होता.

अशा वेळी लगेच अर्ज खरडायला बसू नये. आधी चूक कुठून आली असेल ते शोधावं, कारण नुसतं 'टक्केवारी चुकली' म्हटलं की टेबलामागचा माणूस 'आमच्याकडे असंच निघतं' म्हणून मोकळा होतो. शोधायची युक्ती सोपी आहे: उलटा भागाकार. छापलेल्या टक्केवारीला छापलेल्या गुणकानं भागायचं. ५९.०५ भागिले ८.८ म्हणजे ६.७१. हा आकडा कुठं दिसतो म्हणून आम्ही आठही सत्रांच्या गुणपत्रिका अंथरल्या. आठव्या सत्राचा एसजीपीए नेमका ६.७१ होता.

एसजीपीए एकाच सत्राचा असतो. प्रत्येक विषयाच्या श्रेणीगुणाला त्या विषयाच्या क्रेडिटनं गुणून, बेरजेला एकूण क्रेडिटनं भागलं की तो निघतो. सगळ्या सत्रांचे एसजीपीए त्या-त्या सत्राच्या क्रेडिटनुसार वजन देऊन एकत्र केले की सीजीपीए येतो. प्रमाणपत्रावर सीजीपीए बरोबर होता, पण गुणाकार शेवटच्या सत्राच्या आकड्याशी झालेला दिसत होता. सीजीपीए आधीच ६.८ असा पूर्णांकित करून घेतला असता तर ५९.८४ आले असते. तीही चूकच ठरली असती, पण वेगळी. कुठली चूक झाली असावी ते आकडाच सांगतो.

आणखी एक खात्री करून घ्यावी लागते. गुणक सगळीकडे एकच नसतो. सीबीएसईनं दहावीला सीजीपीए दिला तेव्हा ९.५नं गुणायला सांगितलं होतं, तर कर्नाटकातल्या विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठानं काही योजनांसाठी सीजीपीएमधून ०.७५ वजा करून दहानं गुणायचं सूत्र वापरलं आहे. भाचीच्या सीजीपीएला सीबीएसईचा गुणक लावला तर जवळपास ६५ टक्के होतात, पण तो तिला लागूच नाही. आपल्या विद्यापीठाचा, आपल्या अभ्यासक्रमाचा आणि आपण ज्या पॅटर्नला प्रवेश घेतला त्याचाच गुणक धरायचा. बऱ्याचदा तो गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला छापलेला असतो. तिच्या गुणपत्रिकेवरही ८.८च होता. तिथं दुसरं काही निघालं असतं तर आमची तक्रार तिथंच संपली असती.

मग अर्ज लिहिला. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांत अशी बाब परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांच्या अखत्यारीत येते, म्हणून त्यांच्याच नावे. विषयात 'फेरतपासणी' किंवा 'पुनर्मूल्यांकन' हे शब्द मुद्दाम टाळले. ते शब्द दिसले की अर्ज उत्तरपत्रिकांच्या विभागात जातो, तिथं मुदत आणि शुल्क वेगळं असतं. आम्ही लिहिलं:

"विषय: टक्केवारी रूपांतर प्रमाणपत्रातील गणनेची पडताळणी करून दुरुस्त प्रमाणपत्र मिळणेबाबत.

सदर प्रमाणपत्रावर सीजीपीए ६.८४ व गुणक ८.८ नमूद आहे. त्यानुसार टक्केवारी ६०.१९ येते, प्रत्यक्षात ५९.०५ छापली आहे. छापलेली टक्केवारी आठव्या सत्राच्या एसजीपीएला (६.७१) त्याच गुणकाने गुणल्यास येते. कृपया पडताळणी व्हावी. गणना वेगळ्या नियमाने केली असल्यास त्या परिपत्रकाचा क्रमांक व दिनांक कळवावा."

शेवटचं वाक्य मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. त्यामुळे कार्यालयाला आकडा दुरुस्त करावा लागतो किंवा नियम दाखवावा लागतो. खाली पीआरएन, आसनक्रमांक, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि अर्जाची अंतिम तारीख दिली. प्रमाणपत्राची आणि सर्व गुणपत्रिकांच्या छायाप्रती जोडल्या. मूळ प्रमाणपत्र दिलं नाही. ते नवं हातात पडतानाच जमा करायचं असतं. आवक-जावक विभागात अर्ज दिला आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतला. उत्तर आलंच नसतं तर रूपांतराच्या परिपत्रकाची प्रत माहितीच्या अधिकारात मागता आली असती. तिथं साधारण तीस दिवसांची मुदत असते.

ती वेळ आली नाही. टेबलावरच्या बाईंनी आमच्यासमोर कॅल्क्युलेटर काढला, दोनदा गुणाकार केला, आणि "अहो, यात शेवटचं सेमिस्टर घेतलं गेलंय," म्हणाल्या. नवव्या दिवशी ६०.१९चं प्रमाणपत्र मिळालं.

तुमच्या घरी असं प्रमाणपत्र येणार असेल, तर ते घेताना खिडकी सोडण्याआधीच त्यावरच्या दोन आकड्यांचा गुणाकार करून पाहा.